तर्जनी मोठी की अनामिका: एका मिलिमीटरवर किती भार टाकायचा?

प्रश्न: माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. ओळखीच्या एका हस्तसामुद्रिकांनी त्याचा हात पाहून सांगितलं की अनामिका तर्जनीपेक्षा बरीच मोठी आहे, रवी जोरात आहे, मुलगा जुगारी वृत्तीचा निघेल, पैशाच्या बाबतीत जपा. नंतर इंटरनेटवर वाचलं की अशी बोटं म्हणजे आईच्या पोटात असताना टेस्टोस्टेरॉन जास्त मिळालं, आणि अशी मुलं खेळात पुढे जातात. घरी पट्टीने मोजलं: उजव्या हाताची तर्जनी 6.6 सेंमी, अनामिका 6.9. डाव्या हाताची 6.7 आणि 6.8. दोन हातांत एवढा फरक का? आणि नक्की काय धरून चालायचं?

उत्तर:

मी शारीरिक मानवशास्त्रात काम करते. हाडांची आणि हातांची मापं घेणं, ती दुसऱ्याने घेतलेल्या मापांशी पडताळून पाहणं, हे माझं नेहमीचं काम आहे. त्यामुळे आधी मापांबद्दलच बोलते, कारण तुमच्या मुलाचा हात तीन जणांनी तीन तऱ्हांनी पाहिला आहे. हस्तसामुद्रिकांनी पाहिली ती एक लांबी, तुम्ही पट्टीने मोजली ती दुसरी, आणि संशोधक ज्या लांबीबद्दल लिहितात ती तिसरी. बोटं तीच असली तरी या तिन्हींची उत्तरं एक येतीलच असं नाही. कोणाचं खरं मानायचं हे ठरवण्याआधी कोणी काय मोजलं ते पाहावं लागतं.

हस्तसामुद्रिकात तर्जनी हे गुरूचं बोट, मध्यमा शनीचं, अनामिका रवीचं आणि करंगळी बुधाचं. तर्जनी लांब असेल तर महत्त्वाकांक्षा, अधिकार गाजवण्याची आवड आणि मानीपणा सांगतात. अनामिका लांब असेल तर कलेची ओढ, प्रसिद्धीची हौस आणि धोका पत्करण्याची वृत्ती. लांबी ठरवताना मात्र बहुतेक जण पट्टी वापरत नाहीत. बोटं जुळवून हात सरळ धरायला सांगतात आणि तर्जनीचं व अनामिकेचं टोक मध्यमेच्या वरच्या पेरावर कुठवर येतं ते नजरेने पाहतात. नखाच्या मुळाशी आलं, त्याच्या खाली राहिलं की वर गेलं, यावर बोट लांब की आखूड ते ठरतं. म्हणजे ते पाहतात ती टोकांची उंची. बोटाची स्वतःची लांबी त्यात थेट कुठेच मोजली जात नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती हस्तसामुद्रिकाच्या आतलीच आहे. जुगारी वृत्तीचं फळ परंपरेने सांगितलं जातं ते अनामिका जवळजवळ मध्यमेइतकी लांब असेल तेव्हा. ती तर्जनीपेक्षा थोडी मोठी असणं ही त्यासाठीची अट नाही. तशी ती असंख्य लोकांची असते. तुम्ही मध्यमेचं माप दिलेलं नाही, पण अनामिका मध्यमेच्या बरोबरीला आलेली हाताकडे पाहताक्षणी डोळ्यांत भरते, आणि तुम्ही ती नोंदवली असतीच असं मला वाटतं. तेव्हा तुम्हाला मिळालेलं भाकीत त्या शास्त्राच्या स्वतःच्या नियमानेही घाईचं आहे. सांगणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण एका मुलाच्या कपाळी ‘जुगारी’ हा शब्द चिकटवण्याआधी निदान आपला नियम तरी नीट लावायला हवा होता.

आता टोकांची उंची का फसवते ते तुम्ही स्वतःच पाहू शकता. मुलाला तळहात वर करून हात टेबलावर ठेवायला सांगा, कोपर ते मनगट स्थिर. बोटं सरळ, एकमेकांना टेकलेली. आता फक्त मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वळवायला सांगा. समोरून पाहिलं तर तर्जनीचं टोक पुढे सरकेल आणि अनामिकेचं मागे जाईल. मनगट अंगठ्याच्या बाजूला वळवलं की उलट होईल, अनामिका पुढे दिसेल. बोटांची लांबी या वेळात काडीचीही बदललेली नसते. आपण हात पुढे करतो तेव्हा मनगट क्वचितच अगदी सरळ असतं आणि दोन्ही हातांचं सारखं तर नसतंच.

मनगट सरळ ठेवलं तरी दुसरी अडचण उरते. बोटं तळहातातल्या लांब हाडांवर उभी असतात, आणि ही हाडं सारख्या उंचीला संपत नाहीत. मूठ आवळून मागच्या बाजूने गाठींकडे पाहा. मधल्या बोटाची गाठ सगळ्यात पुढे, तर्जनीची तिच्या जवळपास, अनामिकेची थोडी मागे आणि करंगळीची सगळ्यात मागे दिसेल. म्हणजे तर्जनीला मुळातच पुढची जागा मिळालेली असते. पुन्हा ही गाठ किती मागे असावी हे माणसागणिक वेगळं. त्यामुळे एखाद्याची अनामिका मापाने लांब असूनही टोकं बरोबरीत दिसतात, तर एखाद्याची मापाने बरोबरीत असूनही तर्जनीचं टोक पुढे दिसतं. त्यात अनामिका मध्यमेच्या साथीशिवाय नीट ताठ होत नाही. ती किंचित वाकलेली राहिली तरी टोक खाली येतं.

संशोधक मोजतात ती बोटाची स्वतःची लांबी. तळहात वर, बोट सरळ पण ताणलेलं नाही. बोट तळहाताला जिथे मिळतं तिथल्या घडीच्या मध्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, नख सोडून. मग तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीने भागायचं. उत्तर एकाहून कमी आलं तर अनामिका मोठी, एकाहून जास्त आलं तर तर्जनी मोठी. या भागाकाराला बोटांचं गुणोत्तर म्हणतात, आणि इंटरनेटवर तुम्ही जे वाचलंत ते सगळं याच एका आकड्याभोवती फिरतं.

घरच्या मोजणीत सगळ्यात जास्त चूक होते ती त्या घडीपाशी. तर्जनीच्या मुळाशी बहुधा एकच ठळक घडी असते. अनामिकेच्या मुळाशी मात्र पुष्कळांना एकाखाली एक अशा दोन असतात. नियम असा की दोन असतील तर तळहाताच्या जवळची धरायची. वरची धरली तर अनामिका दोन-तीन मिलिमीटर आखूड भरते आणि सगळं चित्रच पालटतं. तुमच्या डाव्या हाताच्या मापात असं झालेलं असू शकतं. मुलाच्या दोन्ही अनामिकांचं मूळ उजेडात नीट पाहा आणि दोन्हीकडे एकच घडी धरली होती का ते तपासा.

दुसरी चूक दाबण्याची. बोटाचं टोक मऊ असतं. पट्टी टेकवताना किंवा हात काचेवर दाबून फोटोकॉपी काढताना ते चपटं होतं, आणि सगळ्या बोटांचं सारखं होत नाही. फोटोकॉपीवरून घेतलेलं गुणोत्तर थेट बोटावर घेतलेल्या गुणोत्तरापेक्षा थोडं कमी येतं हे अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणून एका पद्धतीने घेतलेलं माप दुसऱ्या पद्धतीच्या सरासरीशी लावून पाहू नये. आम्ही व्हर्नियर कॅलिपर वापरतो, तो टोकाला फक्त स्पर्श करेल इतकाच मिटवतो, आणि प्रत्येक बोट दोनदा मोजतो. दुसऱ्यांदा मोजताना पहिला आकडा झाकलेला असतो, नाहीतर डोळा नकळत तोच आकडा शोधतो.

आता तुमचे आकडे घेऊ. उजवा हात: 6.6 भागिले 6.9, म्हणजे 0.957. डावा: 6.7 भागिले 6.8, म्हणजे 0.985. पट्टीवर मिलिमीटरच्याच रेघा असतात, त्यामुळे कितीही काळजी घेतली तरी प्रत्येक मापात एक मिलिमीटरची चूक सहज राहते. उजव्या हातावर ही चूक दोन्ही दिशांना लावून पाहा. तर्जनी खरं तर 6.7 आणि अनामिका 6.8 असेल तर गुणोत्तर 0.985 येतं, जे तुमच्या डाव्या हाताचं आहे. तर्जनी 6.5 आणि अनामिका 7.0 असेल तर 0.929. म्हणजे तुमच्या पट्टीच्या हिशेबाने उजवा हात 0.93 ते 0.985 यांच्यामध्ये कुठेही असू शकतो, आणि दोन हातांतला फरक सगळाच्या सगळा त्या पट्टीचा असू शकतो.

हे अंतर किती मोठं आहे हे कळण्यासाठी दुसरा एक आकडा शेजारी ठेवावा लागेल. पुरुषांचं सरासरी गुणोत्तर स्त्रियांपेक्षा कमी असतं, म्हणजे पुरुषांची अनामिका तर्जनीच्या मानाने जास्त लांब असते. हे निरीक्षण एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे आणि निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा मिळालं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण हा फरक साधारण 0.01 च्या आसपास आहे. सात सेंटिमीटरच्या बोटावर एक मिलिमीटरची चूक म्हणजे गुणोत्तरात जवळजवळ 0.015. अर्थात पट्टीची एक रेघ चुकली की स्त्री-पुरुषांतला सरासरी फरक त्यात पूर्ण बुडून जातो. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. बाकीचं सगळं याच्या नंतरचं.

मोजणी अगदी अचूक झाली असं धरू. तरीही सरासरी आणि एक माणूस यांत मोठी दरी राहते. पुरुषांत आपापसात आणि स्त्रियांत आपापसात गुणोत्तर त्या 0.01 पेक्षा कितीतरी जास्त पसरलेलं असतं. एक पुरुष आणि एक स्त्री अशा शंभर जोड्या चिठ्ठी टाकून निवडल्या, तर कमी गुणोत्तर पुरुषाचं असेल अशा जोड्या साठ-एकसष्टच्या आसपास भरतील. चाळीसेक जोड्यांत ते स्त्रीचं असेल. नुसता भागाकार पाहून हात पुरुषाचा की स्त्रीचा हे सांगता येत नाही, तर मग त्या माणसाचा स्वभाव त्यावरून कसा सांगणार? शिवाय एका लोकसमूहाची सरासरी दुसऱ्याहून इतकी वेगळी असते की पोलिश आणि फिनिश लोकांतलं अंतर स्त्री-पुरुषांमधल्या अंतरापेक्षा मोठं भरतं. इंटरनेटवर ‘पुरुषी गुणोत्तर इतकं’ असा एक ठाम आकडा देतात, तो कोणत्या लोकांवरून काढला हे सांगितल्याशिवाय निरुपयोगी आहे.

काही अभ्यासकांनी आणखी एक मुद्दा मांडला आहे आणि तो मला पटतो. बोटं जसजशी मोठी तसतसं गुणोत्तर थोडं खाली येतं. पुरुषांचे हात मोठे असतात, त्यामुळे त्यांच्या कमी गुणोत्तराचा काही भाग नुसत्या आकारातून येत असणार. हे जितक्या प्रमाणात खरं असेल तितक्या प्रमाणात संप्रेरकांची गोष्ट मधून गळते. तुमचा मुलगा वाढीच्या ऐन वयात आहे. हात अजून मोठे व्हायचे आहेत, तेव्हा हा आकडा थोडासा हलू शकतो.

आता गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनकडे येऊ. ही कल्पना हवेतून आलेली नाही. जॉन मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये गुणोत्तर आणि संप्रेरकं यांचा संबंध मांडणारा लेख प्रसिद्ध केला आणि तिथून संशोधनाचा ओघ सुरू झाला. मुलामुलींच्या बोटांतला फरक जन्माआधीच, गर्भाच्या साधारण चौदाव्या आठवड्यात, अगदी थोडा का होईना दिसतो. म्हणजे गर्भाशयात काहीतरी घडतं हे खरं. 2011 मध्ये झेंग आणि कोन यांनी उंदरांवर केलेला प्रयोग या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मानला जातो. बोटं घडण्याच्या थोड्याशा काळात त्यांनी टेस्टोस्टेरॉनचा संदेश पेशींपर्यंत पोहोचू दिला नाही, तेव्हा गुणोत्तर वाढलं. इस्ट्रोजेनचा संदेश अडवला तेव्हा ते कमी झालं. आणि या संप्रेरकांना प्रतिसाद देणारी यंत्रणा चौथ्या बोटात दुसऱ्यापेक्षा जास्त आढळली. म्हणून फरक अनामिकेच्या वाढीतून येतो, असा त्यांचा अर्थ.

पण संप्रेरकाचा बोटावर परिणाम होतो एवढं दाखवणं वेगळं, आणि बोट पाहून संप्रेरक किती होतं ते ओळखणं वेगळं. हा दुसरा दावा ज्या अभ्यासाने माझ्या मते सगळ्यात स्वच्छपणे तपासला तो 2009 मधला, शेरी बेरेनबॉम आणि सहकाऱ्यांचा. काही स्त्रिया अशा असतात की त्यांची गुणसूत्रं एक्स-वाय असतात, शरीर टेस्टोस्टेरॉन बनवतं, पण पेशींना ते ओळखताच येत नाही. त्यामुळे त्यांच्या शरीराची वाढ स्त्रीसारखी होते. अशा व्यक्तींच्या बोटांवर टेस्टोस्टेरॉनचा कसलाही परिणाम झालेला असू शकत नाही. त्यांचं सरासरी गुणोत्तर पुरुषांपेक्षा जास्त, म्हणजे इतर स्त्रियांसारखं निघालं. इथवर सिद्धान्ताशी जुळतं. पण खरी गोष्ट पुढे आहे. टेस्टोस्टेरॉनमुळेच माणसामाणसांची बोटं वेगळी होत असतील, तर जिथे त्याचा परिणामच नाही अशा या स्त्रियांची गुणोत्तरं एकमेकींशी बरीच सारखी असायला हवी होती. तशी ती नव्हती. इतर स्त्रियांत जेवढा पसारा असतो तेवढाच त्यांच्यातही होता. म्हणजे एका माणसाची बोटं दुसऱ्याहून वेगळी का, याचं मोठं कारण टेस्टोस्टेरॉन नसून दुसरंच काहीतरी आहे.

ते दुसरं काय, याचा बराचसा भाग आनुवंशिक आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत गुणोत्तरातल्या फरकाचा अर्ध्याहून जास्त भाग आनुवंशिकतेकडे जातो. 2018 मधल्या जनुकांच्या एका मोठ्या पाहणीत गुणोत्तराशी जोडलेल्या अकरा जागा नोंदवल्या गेल्या, पण टेस्टोस्टेरॉनला शरीर किती प्रतिसाद देतं याच्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. मुलाची बोटं तुमच्या किंवा त्याच्या आईच्या बोटांशी ठेवून पाहा. घरातल्याच कोणाशी तरी जुळण्याची शक्यता बरीच आहे, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तेच स्पष्टीकरण सगळ्यात आधी सुचतं.

इथे एक खुलासा करते, कारण पालक मला हे नेहमी विचारतात. प्रौढ माणसाच्या रक्तात आज किती टेस्टोस्टेरॉन आहे हे गुणोत्तरावरून कळत नाही. 1998 च्या लेखात तसा संबंध दिसला होता, पण नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर तो टिकला नाही. तेव्हा वयात येणाऱ्या मुलाची वाढ, दाढीमिशा किंवा आवाज वेळेवर बदलतो की नाही अशी काळजी असेल तर बोटं पाहू नका. ते काम डॉक्टरांचं आहे.

‘जुगारी’ या भाकिताकडे परत येते, कारण इथे एक योगायोग आहे आणि त्याने बऱ्याच जणांची फसगत होते. हस्तसामुद्रिक म्हणतं लांब अनामिका म्हणजे धोका पत्करणारा. 2009 मध्ये लंडनच्या वित्तबाजारातल्या 44 पुरुष दलालांचा एक अभ्यास आला, त्यात कमी गुणोत्तर असलेल्यांनी दीर्घकाळात जास्त नफा कमावलेला दिसला. ‘बघा, विज्ञानानेही मान्य केलं’ हे वाक्य तिथून सगळीकडे पसरलं. पण हे दलाल दर मिनिटाला झटपट व्यवहार करणारे होते. त्यांच्या कामाची तऱ्हाच इतकी वेगळी की तिथला निष्कर्ष दुसऱ्या कोणावर लावणं अवघड. त्यांना नफा झाला, आणि नफा म्हणजे जुगारी वृत्ती नव्हे. चव्वेचाळीस ही संख्याही लहान. पुढे जर्मनीत तीन हजारांहून जास्त लोकांच्या, सर्व थरांतून निवडलेल्या नमुन्यावर धोका पत्करण्याची तयारी आणि बोटांचं गुणोत्तर ताडून पाहिलं, तेव्हा संबंध आढळला नाही. लहान नमुन्यात ठळक दिसलेला संबंध मोठ्या नमुन्यात विरून जाणं, हे या विषयात वारंवार घडलं आहे. त्याचं कारणही साधं आहे. हात मोजायला स्वस्त, आणि एकदा मोजला की पन्नास गोष्टींशी लावून पाहता येतो. त्यातल्या दोन-तीन नुसत्या योगायोगाने जुळतात, आणि छापून येतात त्या जुळलेल्याच.

हस्तसामुद्रिक आणि संशोधन यांचं म्हणणं एका जागी जुळल्यासारखं वाटतं ते आणखी एका कारणाने. लांब अनामिकेला हस्तसामुद्रिकाने कला, कीर्ती, संपत्ती, धाडस, जुगार असं पुष्कळ काही बहाल केलेलं आहे. संशोधकांनीही कमी गुणोत्तराला धावण्यापासून गणितापर्यंत अनेक गोष्टी जोडून पाहिल्या. दोन लांब याद्या शेजारी ठेवल्या की एखादा शब्द दोन्हींत सापडतोच. शिवाय, वर सांगितल्याप्रमाणे, दोघे एकच लांबी मोजतही नाहीत.

खेळाचं मात्र थोडं वेगळं आहे. इथे संबंध बऱ्यापैकी सातत्याने दिसतो, आणि तो मी नाकारणार नाही. 2001 मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचं गुणोत्तर इतर पुरुषांपेक्षा कमी आढळलं, आणि नंतर निरनिराळ्या खेळांचे अभ्यास एकत्र केल्यावरही कल तसाच राहिला. पण ताकद पाहा. असा सहसंबंध 0.3 च्या खालीच राहतो. म्हणजे खेळाडूंच्या कामगिरीत जो फरक असतो त्याचा दहावा हिस्साही बोटं समजावून सांगत नाहीत. नऊ दशांशांहून जास्त फरक उंची, सराव, प्रशिक्षक, दुखापती, झोप आणि आवड यांत वाटलेला आहे. मुलाला धावण्यात गती आहे का हे पाहायचं असेल तर मैदानावर तीस मीटर आखून स्टॉपवॉच लावा, आणि दोन-तीन महिन्यांच्या सरावानंतर पुन्हा लावा. त्या दोन वेळा तुम्हाला कोणत्याही भागाकारापेक्षा जास्त सांगतील. आणि त्याचा हात पाहून ‘याच्यात खेळाडू नाही’ असं कोणी म्हणालं, तर ते ‘जुगारी आहे’ इतकंच निराधार समजा.

तुम्हाला माप नीट घ्यायचंच असेल, तर माझ्याकडे हात आला असता तर मी काय केलं असतं ते सांगते. आधी विचारलं असतं की दोन्ही हातांच्या या चार बोटांना कधी मोड, चेंगरणं किंवा सांध्याची सूज झाली होती का. चेंडू लागून वाकडं झालेलं बोट मोजून उपयोग नाही. मग चांगल्या उजेडात मुळाची घडी पाहून बारीक पेनाने तिच्या मध्यावर ठिपका दिला असता. ठिपक्यामुळे दर वेळी सुरुवात एकाच जागेवरून होते. मग एका माणसाने चारही बोटं मोजायची, आकडे झाकायचे, दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायची. एकाच बोटाच्या दोन मापांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त तफावत आली तर ते बोट तिसऱ्यांदा मोजायचं. पट्टीऐवजी साधा डिजिटल कॅलिपर मिळाला तर उत्तम. शेवटी प्रत्येक बोटाची सरासरी काढून मगच भागाकार करायचा. पहिल्याच मापाचा भागाकार करून बसलं की आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा मोजायचा मोह होतो.

समजा असं मोजून उजवा हात 0.965 आणि डावा 0.975 आला. मला तसंच काहीसं येईल असं वाटतं. तर मी नोंदवहीत एवढंच लिहिलं असतं: अनामिका तर्जनीपेक्षा थोडी लांब, पुरुषांत सर्रास आढळणाऱ्या मर्यादेत. त्यापुढे लिहायला माझ्याकडे काहीच नसतं, ना स्वभावाबद्दल, ना पैशाबद्दल.

दोन्ही हातांत थोडाफार खरा फरक असतोच, अगदी काटेकोर मोजलं तरी. शरीराच्या दोन बाजू कुणाच्याच मिलिमीटरपर्यंत जुळत नाहीत. स्त्री-पुरुषांतला फरक उजव्या हातात डाव्यापेक्षा किंचित जास्त ठळक दिसतो, म्हणून बरेच संशोधक उजव्याचाच आकडा धरतात. डाव्या-उजव्यातल्या अंतराला वेगळा अर्थ देण्याचेही प्रयत्न झालेत, पण दोन गुणोत्तरांची वजाबाकी केली की चार मापांतल्या चुका एकत्र येतात, त्यामुळे तो आकडा सगळ्यांत डळमळीत असतो. तुमच्या 0.957 आणि 0.985 यांत मला आधी अनामिकेच्या मुळाची ती दुसरी घडी शोधावीशी वाटते. डाव्या हातावर ती सापडली तर तुम्ही कुठून मोजलं होतं ते जरूर कळवा.